टीव्हीवरची ॲप्स उशिरा उघडतात किंवा जोडलीच जात नाहीत: डीएनएस कधी बदलायचा, कुठे बदलायचा

आधी लक्षणं

वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, टीव्ही स्वतः सांगतो की नेटवर्क जोडलेलं आहे, आणि तरीही ॲप उघडलं की गोल फिरत राहतं. काही सेकंद काहीच होत नाही, मग एकदम सगळं येतं. कधी मुखपृष्ठ येतं पण अर्ध्या चित्रांच्या जागा राखाडी राहतात. कधी एक ॲप झटकन उघडतं आणि शेजारचं ‘इंटरनेट नाही’ म्हणून परत पाठवतं; बाहेर येऊन पुन्हा उघडलं की तेच ॲप चालू होतं. आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे, व्हिडिओ एकदा सुरू झाला की तासभर न अडखळता चालतो. त्रास असतो तो फक्त सुरू होईपर्यंत.

हे वर्णन तुमच्या टीव्हीला लागू पडत असेल तर संशय डीएनएसवर घ्यायला हरकत नाही. ॲपला ज्या सर्व्हरशी बोलायचं असतं त्याचं फक्त नाव ॲपला ठाऊक असतं. त्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस सर्व्हर सांगतो, आणि तो मिळेपर्यंत ॲप हलत नाही. शिवाय टीव्हीवरचं एक ॲप उघडताना एकच नाव शोधलं जात नाही. खात्याची ओळख पटवणारा सर्व्हर वेगळा, चित्रं देणारा वेगळा, व्हिडिओचा परवाना तपासणारा वेगळा, प्रत्यक्ष व्हिडिओ देणारा वेगळा. यातल्या एखाद्या नावाचं उत्तर आलं नाही तर टीव्ही काही सेकंद वाट पाहतो, पुन्हा विचारतो किंवा दुसऱ्या डीएनएस सर्व्हरकडे जातो. अशा दोन-तीन वाटा पाहण्या एकामागे एक लागल्या की पंधरा-वीस सेकंद सहज जातात. व्हिडिओ सुरू झाल्यावर मात्र पत्ता मिळालेला असतो, जोडणी उघडी असते, त्यामुळे डीएनएसचं काम जवळपास संपलेलं असतं.

म्हणूनच उलटी लक्षणं दिसली तर डीएनएसच्या मागे लागू नका. ॲप लगेच उघडतं पण व्हिडिओ मध्येच थांबतो, चित्र धूसर होतं, टीव्ही राउटरजवळ आणला की बरं चालतं, रोज ठरावीक वेळी सगळ्याच उपकरणांचा वेग पडतो: हे सगळं वायफायच्या सिग्नलचं किंवा लाइनच्या वेगाचं दुखणं आहे. डीएनएस बदलल्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही.

काही न बदलता करायच्या तपासण्या

पहिली तपासणी मोबाइलवर. मोबाइल डेटा बंद करा, टीव्ही ज्या वायफायवर आहे त्याच वायफायवर मोबाइल जोडा आणि तेच ॲप उघडा. मोबाइलवरही तीच रखडपट्टी दिसली तर दोष टीव्हीत नाही, राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. मोबाइलवर मात्र सगळं छान चाललं तर लगेच टीव्हीला दोषी धरू नका. अँड्रॉइड मोबाइलमध्ये Private DNS नावाची सेटिंग असते. तिथे कुठल्या सर्व्हरचं नाव भरलेलं असेल तर मोबाइल राउटरला न विचारता परस्पर त्या सर्व्हरला विचारतो. मग राउटरचा डीएनएस कितीही आजारी असला तरी मोबाइलला त्याचा पत्ता लागत नाही. चाचणीपुरतं ते Off करा आणि पुन्हा पाहा.

दुसरी तपासणी म्हणजे रीस्टार्ट, पण खरा रीस्टार्ट. रिमोटने टीव्ही बंद केला की तो बहुतेक वेळा फक्त झोपतो. त्याने आधी लक्षात ठेवलेले पत्ते तसेच राहतात. टीव्ही आणि राउटर दोन्हींचे प्लग काढा, मिनिटभर थांबा, आधी राउटर लावा, त्याचा इंटरनेटचा दिवा स्थिर होऊ द्या आणि मगच टीव्ही लावा. उलट क्रमाने लावलं तर टीव्ही उठतो तेव्हा राउटर तयार नसतो आणि आपल्याला खोटाच दोष दिसतो.

रीस्टार्टनंतर काय होतं ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं निदान त्यावर टेकतं. काहीच फरक पडला नाही तर एक गोष्ट. पण चार-सहा दिवस सगळं उत्तम चाललं आणि मग रखडपट्टी परत आली, पुन्हा रीस्टार्ट केल्यावर पुन्हा बरं झालं, तर माझ्या अनुभवात त्यामागे बहुधा राउटरमधला डीएनएसचा भाग असतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

तिसरी तपासणी टीव्हीच्या घड्याळाची. तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र टीव्हीला मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेलं वाटतं आणि ॲप जोडणी नाकारतं. पडद्यावर मात्र ‘नेटवर्कची अडचण’ असाच मोघम संदेश येतो. यात एक गुंता आहे. वेळ आपोआप जुळवण्यासाठी टीव्हीला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता डीएनएसच देतो. म्हणजे डीएनएस बंद पडल्यामुळे घड्याळ चुकतं आणि घड्याळ चुकल्यामुळे ॲप्स चालत नाहीत. अशा वेळी वेळ हाताने बरोबर करा आणि ॲप उघडून पाहा. तेवढ्याने चाललं तर उत्तम. पण प्लग काढला की वेळ पुन्हा बिघडत असेल तर डीएनएसकडे वळा.

चौथी तपासणी: टीव्ही सध्या कोणाला विचारतोय ते बघा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जोडणीची माहिती उघडली की IP address, Gateway आणि DNS असे आकडे दिसतात. त्यांचा फोटो काढून ठेवा. काही बिघडलं तर परत येण्याची वाट तीच. DNS समोर Gateway चाच आकडा असेल, उदाहरणार्थ `192.168.1.1`, तर टीव्ही राउटरला विचारतोय आणि राउटर ते प्रश्न पुढे पाठवतोय. वेगळा आकडा असेल तर टीव्ही इंटरनेट कंपनीच्या किंवा आधी कोणी घातलेल्या सर्व्हरला थेट विचारतोय. आकडा ओळखीचा नसेल आणि तो कुठून आला हे घरात कोणालाच माहीत नसेल तर तो इंटरनेट कंपनीचाच आहे का, एवढं कंपनीला विचारून घ्या. राउटरमध्ये घुसून डीएनएस बदलणं हा गुन्हेगारांचा जुना मार्ग आहे. २०११ साली अमेरिकेच्या एफबीआयने उघडकीला आणलेल्या डीएनएसचेंजर प्रकरणात हेच झालं होतं: लोकांच्या संगणकांचा डीएनएस बदलून त्यांना भलत्याच पानांवर नेलं जात होतं. कंपनीने ‘हा आमचा नाही’ म्हटलं तर राउटर फॅक्टरी रीसेट करा, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि ॲडमिन पासवर्ड बदला. पुढचं सगळं त्यानंतर. रीसेट केल्यावर इंटरनेटचा लॉगिन पुन्हा भरावा लागू शकतो, म्हणून तो हाताशी नसेल तर आधी कंपनीकडून मिळवा.

दोष डीएनएसचाच आहे हे कसं पक्कं करायचं

इथे एखादा संगणक लागतो, त्याच वायफायवर जोडलेला. लोक ही पायरी गाळतात आणि सरळ आकडे बदलायला जातात. मग फरक पडला नाही की कुठे चुकलं ते कळत नाही. कमांडची खिडकी उघडा आणि हे एकेक करून चालवा:

```
ping 8.8.8.8
nslookup example.com
nslookup example.com 8.8.8.8
```

पहिली ओळ नावाशिवाय, थेट आकड्यावर जाते. इथेच उत्तर आलं नाही तर बहुधा इंटरनेटच बंद आहे आणि डीएनएसला हात लावायचं कारण नाही. पहिलीला उत्तर आलं, दुसरी रखडली आणि तिसरी झटकन आली, तर निदान झालं: लाइन ठीक आहे, सध्याचा डीएनएस सर्व्हर आजारी आहे. विंडोजवर रखडणं असं दिसतं:

```
DNS request timed out.
    timeout was 2 seconds.
```

दुसरी आणि तिसरी दोन्ही लगेच आल्या तर एकदा चाचणी करून थांबू नका. हा दोष येऊन-जाऊन असतो, म्हणून टीव्ही रखडत असतानाच चाचणी घ्या आणि दरवेळी वेगळं नाव विचारा. तेच नाव पुन्हा विचारलं तर सर्व्हर आधी साठवलेलं उत्तर देतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

उत्तरात दोन गोष्टी दिसतात ज्यांना लोक उगाच घाबरतात. Server समोर UnKnown लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की त्या सर्व्हरच्या आकड्याला नाव सापडलं नाही. आणि Non-authoritative answer म्हणजे उत्तर त्या नावाच्या मूळ सर्व्हरकडून थेट न येता मधल्या डीएनएस सर्व्हरकडून आलं. दोन्ही दोष नाहीत. पण UnKnown च्या खाली जो Address असतो तो जरूर वाचा. संगणक नेमका कोणाला विचारतोय ते तिथे लिहिलेलं असतं, आणि पुढे ते उपयोगी पडणार आहे.

अजून एक चाचणी, जी मला फार कामाची वाटते:

```
nslookup example.com 192.0.2.1
```

`192.0.2.1` हा पत्ता फक्त उदाहरणांत वापरण्यासाठी राखून ठेवलेला आहे. तिथे कुठलाही डीएनएस सर्व्हर नाही, म्हणून ही कमांड रखडून हरायलाच हवी. तिला व्यवस्थित उत्तर आलं, तर तुमचे डीएनएसचे प्रश्न वाटेत कोणीतरी अडवून स्वतःच उत्तर देतंय. ते काम कधी राउटरमधली पालक-नियंत्रणाची सेटिंग करते, कधी इंटरनेट कंपनी. अशा जोडणीवर तुम्ही टीव्हीत कोणताही आकडा घाला, उत्तर त्याच जागेहून येणार. राउटरमधलं पालक-नियंत्रण बंद करून चाचणी पुन्हा घ्या. तरीही उत्तर येत असेल तर आकडे बदलण्यात वेळ घालवू नका, कंपनीशी बोला.

टीव्हीत बदल: स्वस्त चाचणी, पण एक खड्डा आहे

राउटरला हात लावण्याआधी एकट्या टीव्हीत बदल करून बघावा. बिघडला तर एकच टीव्ही बिघडतो, घरातलं बाकी इंटरनेट चालू राहतं. सॅमसंगच्या टीव्हीत नेटवर्कच्या स्थितीत गेल्यावर IP Settings आणि त्यात DNS Setting असतं. तिथे Enter manually निवडून आकडा भरता येतो. एलजीच्या टीव्हीत जोडलेल्या वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये Edit करून Set Automatically ची खूण काढली की DNS ची जागा उघडते. ॲपल टीव्हीत वायफायच्या पानावरच Configure DNS आहे. रोकूमध्ये डीएनएस हाताने घालायची सोयच नाही, तिथे राउटरमध्येच बदल करावा लागतो. मेनूंची नावं मॉडेलनुसार थोडीफार बदलतात.

आकडे कोणते? गूगलचे `8.8.8.8` आणि `8.8.4.4`, किंवा क्लाउडफ्लेअरचे `1.1.1.1` आणि `1.0.0.1`. जिथे दोन जागा असतील तिथे दोन्ही एकाच सेवेचे भरा. पहिला नवा आणि दुसरा जुना आजारी सर्व्हर अशी जोडी लावू नका. दुसरा सर्व्हर फक्त पहिला पडल्यावरच वापरला जाईल याची खात्री नसते, आणि मग दोष अधूनमधून दिसत राहतो, जो शोधणं सगळ्यांत कठीण.

खड्डा अँड्रॉइड टीव्हीवर आहे. तिथे DNS बदलायचा तर IP settings मध्ये DHCP ऐवजी Static निवडावं लागतं, आणि ते निवडलं की टीव्हीचा स्वतःचा पत्ताही तुम्हालाच भरावा लागतो. समजा फोटोत पत्ता `192.168.1.37` आणि Gateway `192.168.1.1` आहे. बहुतेक जण तोच ३७ पुन्हा भरतात, आणि त्या दिवशी चालतंही. पण ३७ हा आकडा राउटरच्या वाटपातला आहे. टीव्ही बंद असताना राउटर तो दुसऱ्या मोबाइलला देऊ शकतो. मग टीव्ही चालू झाला की दोन उपकरणं एकाच पत्त्यावर भांडू लागतात, आणि नवीनच दुखणं सुरू होतं: कधी टीव्ही तुटतो, कधी मोबाइल.

त्यासाठी राउटरच्या DHCP पानावर वाटपाची हद्द बघा. ती १०० ते १५० असेल तर टीव्हीला `192.168.1.200` सारखा हद्दीबाहेरचा पत्ता द्या. ती २ ते २५४ अशी पूर्ण पसरलेली असेल तर हद्द कमी करा, किंवा त्याच पानावर टीव्हीसाठी पत्ता राखून ठेवा. Gateway फोटोत आहे तोच भरा, Network prefix length बहुतेक घरांत २४ असते, आणि शेवटी DNS 1, DNS 2. हा बदल केला आहे हे कुठेतरी लिहून ठेवा. उद्या राउटर बदलला आणि नव्या राउटरचा पत्ता `192.168.0.1` असला, तर Static वर ठेवलेला टीव्ही अजिबात जोडला जाणार नाही आणि लोक टीव्ही बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतील.

माझा आग्रह असा की अँड्रॉइड टीव्हीवर Static फक्त चाचणीपुरतं वापरा. चाचणीत फरक दिसला की टीव्ही परत DHCP वर न्या आणि कायमचा बदल राउटरमध्ये करा.

राउटरमध्ये बदल: दोन जागा, आणि बहुतेक जण चुकीची निवडतात

इथे एका घरातलं उदाहरण पूर्ण सांगतो, कारण वारंवार परत येणारा दोष बहुधा याच रूपात दिसतो.

तक्रार अशी होती की टीव्हीवरची ॲप्स दर काही दिवसांनी रखडतात, राउटर बंद-चालू केला की बरी होतात. घरातल्या कोणीतरी राउटरमध्ये आधीच `8.8.8.8` भरला होता आणि काहीच फरक पडला नव्हता, म्हणून डीएनएसचा संशय सोडून टीव्ही बदलायची बोलणी चालू होती. टीव्हीच्या माहितीच्या पानावर DNS समोर `192.168.1.1` दिसत होता. त्या पानानेच अर्धं उत्तर दिलं. रखडपट्टी चालू असताना संगणकावरून राउटरला विचारलेले प्रश्न मधूनमधून timed out होत होते. तेच प्रश्न थेट `8.8.8.8` ला विचारले की उत्तर लगेच.

झालं होतं असं. राउटरमध्ये डीएनएस भरायच्या दोन वेगळ्या जागा असतात. इंटरनेटच्या पानावर, ज्याला WAN किंवा Internet म्हणतात, भरलेला आकडा राउटर स्वतः वापरतो. घरातल्या उपकरणांना काय सांगायचं ते LAN किंवा DHCP Server च्या पानावर ठरतं. त्या घरात बदल पहिल्या जागी केला होता. त्यामुळे टीव्ही अजूनही राउटरलाच विचारत होता आणि राउटर तो प्रश्न गूगलकडे पाठवत होता. पण आजारी होता तो राउटरमधला प्रश्न पुढे पाठवणारा छोटा प्रोग्राम. घरात उपकरणं वाढली, प्रत्येक उपकरण शेकडो नावं विचारू लागलं, की साध्या राउटरमधला हा प्रोग्राम काही दिवसांनी प्रश्न गाळू लागतो. रीस्टार्टने तो कोरा होतो, म्हणून काही दिवस बरं वाटतं. पलीकडचा सर्व्हर कितीही चांगला निवडला तरी मधला दरवाजा तोच राहतो.

उपाय दुसऱ्या जागी. DHCP Server च्या पानावर Primary DNS मध्ये `8.8.8.8`, Secondary DNS मध्ये `8.8.4.4` भरून सेव्ह केलं. आता राउटर टीव्हीला सांगणार होता की मला नको विचारूस, थेट तिकडे विचार.

आणि तरीही टीव्हीवर DNS समोर `192.168.1.1` च दिसत राहिला. इथे लोक हार मानतात. कारण साधं आहे: टीव्हीने राउटरकडून घेतलेली माहिती ठरावीक मुदतीसाठी असते, आणि मुदत संपेपर्यंत तो जुनंच धरून बसतो. टीव्हीचं वायफाय बंद करून पुन्हा जोडलं, तसाच राहिला म्हणून नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड पुन्हा भरला, आणि मग `8.8.8.8` दिसला. ॲप्स त्याच क्षणी उघडू लागली.

गोष्ट तिथे संपली नाही. संगणकावर `nslookup` पुन्हा चालवलं तर Address समोर `fe80::1` दिसत होता. हा राउटरचाच पत्ता, पण आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला. अनेक राउटर जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतीने डीएनएस जाहीर करतात. आपण बदल फक्त जुन्या पद्धतीच्या पानावर केलेला असतो. ज्या उपकरणाला आयपीव्ही६ चालतं ते त्या वाटेने पुन्हा त्याच आजारी प्रोग्रामकडे जातं. राउटरच्या IPv6 पानावर LAN च्या भागात डीएनएसची जागा असेल तर तिथे हे भरायचे:

```
2001:4860:4860::8888
2001:4860:4860::8844
```

जागा नसेल तर चाचणी म्हणून राउटरमधलं आयपीव्ही६ बंद करून बघता येतं. मात्र काही जोडण्या मुख्यतः आयपीव्ही६ वरच चालतात. बंद केल्यावर इंटरनेट मंदावलं किंवा गेलं तर लगेच परत चालू करा. त्या घरात IPv6 पानावर जागा होती आणि आकडे भरल्यावर संगणकही ताळ्यावर आला.

बदल केल्यावर काय बघायचं

सुरुवातीचा वेळ कमी झाला का, एवढंच बघू नका. व्हिडिओचं चित्र आधीपेक्षा वाईट झालं का तेही दोन दिवस बघा. मोठ्या व्हिडिओ सेवा आपला माल अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात आणि तुम्हाला जवळचा सर्व्हर देण्यासाठी डीएनएसचा प्रश्न कुठून आला ते पाहतात. इंटरनेट कंपनीचा डीएनएस तुमच्या जवळचा असल्याने हा अंदाज सहसा बरोबर निघतो. गूगलचा डीएनएस तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो. क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.1` खासगीपणासाठी तो कळवत नाही, त्यामुळे क्वचित लांबचा सर्व्हर वाट्याला येतो. ॲप झटकन उघडतं पण चित्र धूसर झालं, असं `1.1.1.1` वर दिसलं तर `8.8.8.8` वापरून बघा. त्यानेही तेच झालं तर राउटरला वळसा घालून इंटरनेट कंपनीचेच डीएनएस आकडे थेट DHCP पानावर भरा. राउटरच्या स्थितीच्या पानावर ते दिसतात. वर सांगितलेल्या प्रकारात दोष कंपनीच्या सर्व्हरचा नसून राउटरचा असतो, म्हणून हा उपायही चालतो.

दुसरी गोष्ट, इंटरनेट कंपनीने स्वतःची टीव्ही सेवा दिली असेल तर तिची काही नावं फक्त तिच्याच डीएनएसला माहीत असू शकतात. बदलानंतर नेमकी तीच सेवा बंद पडली तर कारण हे आहे. तेवढ्या उपकरणासाठी कंपनीचा डीएनएस ठेवा. आणि जाहिराती अडवणारे डीएनएस टीव्हीसाठी मी सुचवत नाही. ते सेवेला लागणारं एखादं नावही अडवतात, ॲप उघडण्याआधीच थांबतं, आणि पडद्यावरचा संदेश तोच मोघम.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

`ping 8.8.8.8` लाच उत्तर येत नसेल, किंवा मधूनमधून गळत असेल, तर दोष बहुधा लाइनचा आहे. राउटरवर LOS चा लाल दिवा असेल तर फायबरमध्ये प्रकाशच पोचत नाही. ती तार स्वतः काढून-पुसून बघू नका, त्यात डोळे लावून तर मुळीच बघू नका.

राउटरमध्ये डीएनएसच्या जागा राखाडी असतील आणि काही लिहिता येत नसेल, तर कंपनीने त्या कुलूपबंद केल्या आहेत. त्या उघडण्यासाठी नेटवर सापडलेले पासवर्ड वापरत बसण्यापेक्षा त्यांनाच सांगा. सेव्ह केलेला बदल रात्रीतून आपोआप जुना होत असेल तर कंपनी दुरून सेटिंग परत पाठवत असण्याचीही शक्यता आहे. तेही त्यांच्याच हातात.

डीएनएस शोधताना PPPoE, VLAN ID, Bridge अशी पानं दिसतील. ती बदलायची नाहीत. तिथला एक आकडा चुकला की घरातलं सगळं इंटरनेट जातं आणि योग्य आकडा कंपनीशिवाय कोणाकडे नसतो.

सगळ्या उपकरणांवर डीएनएस नीट चालतोय, `nslookup` लगेच उत्तर देतंय, आणि तरी एकाच टीव्हीवर एकच ॲप अडत असेल, तर ॲप काढून पुन्हा घाला, टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करा. त्यानेही नाही झालं तर ॲपच्या किंवा टीव्हीच्या ग्राहक सेवेशी बोला. जुन्या टीव्हींना काही ॲप्सचा पाठिंबाच बंद झालेला असतो, आणि तिथे डीएनएसचा कुठलाही आकडा उपयोगाचा नाही.

कंपनीला फोन करताना ‘टीव्ही चालत नाही’ असं सांगितलं की पहिलं उत्तर ‘टीव्हीवाल्याला विचारा’ असं येतं. त्याऐवजी सांगा की थेट आकड्यावर पिंग जातो, तुमच्या डीएनएसला विचारलेले प्रश्न रखडतात, `8.8.8.8` कडून उत्तर लगेच येतं, आणि हे अमुक वाजता घडलं. सोबत `nslookup` च्या खिडकीचा फोटो ठेवा.